एक महिन्याचा पगार बोनस, पण कोणाला किती? एका घरातल्या चार मदतनीसांचं प्रकरण

घर माझ्या मैत्रिणीचं. घरात ती, तिचा नवरा, आणि वयस्कर आई, जिला दिवसभर सोबत लागते. आईचा खर्च मैत्रीण आणि तिचा भाऊ अर्धा अर्धा वाटून घेतात, त्यामुळे पैशाचा कुठलाही निर्णय दोघांना पटावा लागतो. कामाला चार जणं. आजींकडे सकाळी आठ ते रात्री आठ असणाऱ्या ताई, स्वयंपाकाच्या काकू, धुणीभांडी करणाऱ्या मावशी, आणि हॉस्पिटलच्या फेऱ्यांसाठी बोलावल्यावर येणारे ड्रायव्हर दादा. मी लहान धंद्यांचे हिशेब लिहिते म्हणून दिवाळीनंतर मला बोलावणं आलं, कारण घरात चांगलंच फाटलं होतं.

झालं असं होतं की त्या दिवाळीला बोनस ठरवून असा दिलाच नव्हता, ज्या क्षणी जे सुचलं ते दिलं. ताईंना येऊन पाचच महिने झाले होते पण त्या आजींचं सगळं करतात, नाराज व्हायला नकोत म्हणून त्यांना पूर्ण एक पगार. काकूंना एक पगार. ड्रायव्हर दादांना साधारण महिनाभरात होतात तेवढे पैसे. आणि मावशींना, ज्या सहा वर्षं येतायत, अर्धा पगार आणि एक साडी. आता हे चौघं एकमेकांशी बोलणार नाहीत असं कोणी धरून चालत असेल तर त्याने स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी दुपारी पाच मिनिटं उभं राहावं. दुसऱ्याच दिवशी मावशींनी विचारलं, "वहिनी, माझं काम कमी आहे, मान्य आहे, पण मग पगारही कमीच आहे ना? बोनस परत वेगळा कमी कशाला?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. त्यात ताई चार दिवसांची सुट्टी सांगून गावी गेल्या आणि अकरा दिवसांनी उगवल्या, भाऊ म्हणाला पुढच्या वर्षी यांचा बोनस कापायचा, मैत्रीण म्हणाली मग त्या येणारच नाहीत.

मी पहिलं काम केलं ते रुपये बाजूला ठेवायचं. रुपयांत बोललं की प्रत्येक जण आकडा बघतो, प्रमाण बघत नाही. चौघांचा मिळून महिन्याचा पगार 100 भाग धरला. त्यात ताईंचे 52, काकूंचे 24, मावशींचे 12, आणि दादांचे सरासरी 12. वर्षाचा एकूण पगार 1200 भाग. पुढचा सगळा हिशेब याच भागांत आहे, तुमच्या घरचे आकडे टाकलेत तरी गणित तेच राहतं.

त्या वर्षीचा बोनस झाला 52 अधिक 24 अधिक 6 अधिक 12, म्हणजे 94 भाग. सगळ्यांना सरळ एक पगार दिला असता तर 100. म्हणजे मावशींना दुखावून घरात वाचले किती, तर 6 भाग, वर्षाच्या पगाराच्या अर्धा टक्का! हे कागदावर आल्यावर भाऊ जरा वेळ गप्पच होता, कारण त्याची समजूत अशी होती की सगळ्यांना सारखं दिलं तर परवडणार नाही.

मग प्रश्न आला की "एक पगार" म्हणजे नक्की काय. पाच महिने झालेल्या ताईंना पूर्ण का? दादांना तर पगारच नाही, फेरीप्रमाणे पैसे. काकूंचा पगार ऑगस्टमध्ये वाढला, मग जुना धरायचा की नवा? प्रत्येकाला वेगळा नियम लावला की परत तीच ओट्यावरची चर्चा. म्हणून एकच सूत्र घेतलं: मागच्या पूर्ण झालेल्या 12 महिन्यांत त्या व्यक्तीला प्रत्यक्ष जेवढा पगार दिला, त्याची बेरीज भागिले 12. बस. नवीन आलेल्याला आपोआप त्याच्या महिन्यांइतका मिळतो (पाच महिन्यांच्या ताईंना 52 च्या जागी साधारण 22 आले असते), पगारवाढ मधेच झाली तर दोन्ही दरांचा हिशेब होतो, फेरीप्रमाणे पैसे घेणाऱ्या दादांची वर्षाची बेरीज काढली की झालं, आणि बिनपगारी खाडे असतील तर तेवढा बोनस थोडासा उतरतो, वेगळी शिक्षा करायला लागत नाही. ताईंचे ते सात जास्तीचे दिवस बिनपगारी धरले तर बोनसमधून जातात फक्त एक भागाच्या आसपास. भावाला हे कमी वाटलं. पण पगार त्या दिवसांचा गेलाच ना आधी, 14 भाग गेले, अजून किती कापणार?

बारावा हिस्सा म्हणजेच 8.33 टक्के, आणि हा आकडा ओळखीचा आहे कारण 1965 च्या बोनस कायद्यात किमान बोनस एवढाच होता, जास्तीत जास्त 20 टक्के, आणि त्याची जागा घेणाऱ्या 2019 च्या वेतन संहितेतही किमान तोच ठेवलाय. पण तो 20 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांसाठी, घरातल्या कामाला तो लागू नाही. म्हणजे इथे कोणी कायद्याने मागू शकत नाही, रिवाजाने मागतं. आणि रिवाजाची गंमत अशी की एकदा दिलेलं खाली आणता येत नाही, म्हणून पहिल्याच वर्षी उत्साहात दीड पगार देण्याआधी पुढची पाच वर्षं डोळ्यासमोर आणायची. ताईंच्या बाबतीत आमचं नशीब होतं, पुढच्या दिवाळीपर्यंत त्यांचे 12 महिने भरणार होते, त्यामुळे नवीन नियमाने कोणाचाच आकडा खाली आला नाही. कोणाचा येत असता तर मी सांगितलं असतं की त्या माणसाला जुनाच आकडा द्या, पुढे पगार वाढत गेला की नियमाचा आकडा हळूहळू तिथे पोचेल.

भेटवस्तू मात्र बोनसमधून वेगळी काढली. पैसे पगाराच्या प्रमाणात, भेट सगळ्यांना एकाच किमतीची. साडी दिली म्हणून अर्धा पगार कमी, असला व्यवहार बंद. मावशींना जे लागलं होतं ते हेच होतं असं माझं मत आहे, पैशाचा फरक त्यांना कळत होता, पण साडी ही भरपाई म्हणून हातात ठेवली गेली ते जास्त लागलं.

एक बारीक अडचण दादांची. त्यांचा सण ईद. त्यांना दिवाळीला बोनस मिळायचा, जो त्यांच्या उपयोगाच्या वेळी नसायचा. सूत्र मागच्या 12 महिन्यांवर चालतं म्हटल्यावर ज्याने त्याने आपला सण निवडावा, एकदा निवडला की बदलायचा नाही. ईद दरवर्षी साधारण 11 दिवस अलीकडे सरकते, त्यामुळे फार लांबच्या हिशेबात दादांना एखादा बोनस जास्त जाईल, सुमारे 33 वर्षांत एक. भावाने हेही काढून दाखवलं, मी म्हटलं तेव्हा बघू. घराला फायदा असा झाला की सगळा बोनस एकाच महिन्यात अंगावर येत नाही.

आता सुट्ट्या, खरी मारामारी इथे होती. आधी पद्धत अशी की ताईंना रविवार सुट्टी, काकू आणि मावशी रोज येणार, आणि लागेल तेव्हा विचारायचं. मैत्रीण कधीच नाही म्हणायची नाही, पण दर वेळी विचारावं लागणं आणि "परत?" असा चेहरा बघावा लागणं, म्हणून मावशी विचारायच्याच नाहीत, सरळ दांडी मारायच्या आणि फोन बंद. सांगून नकार येण्यापेक्षा न सांगता ओरडा खाणं स्वस्त पडत होतं.

सुट्टी कोणाला किती परवडेल हे काढताना एक गोष्ट वेगळी करावी लागते. सुट्टीच्या दिवसाचा पगार हा नवीन खर्च नसतोच, तो आपण एरवीही देतोच. नवीन खर्च असतो तो बदलीचा. मावशी नाही आल्या तर भांडी घरातलं कोणीतरी घासतं, कंटाळा येतो, पण खिशातून काही जात नाही. काकू नसतील तर मैत्रीण आणि नवरा करतात. ताई नसतील तर ब्युरोमधून बदली बाई बोलवावीच लागते, आणि ब्युरोचा दर ताईंच्या दीडपट. ताईंचा दिवस 52 भागिले 26, म्हणजे 2 भाग. बदली 3 भाग. पगारी सुट्टी दिली तर त्या दिवशी घराला नवीन खर्च 3. बिनपगारी सुट्टी असेल तर ताईंचे 2 वाचतात, म्हणून नवीन खर्च फक्त 1.

हे कळलं की दिसतं, काकू आणि मावशींना आठवड्याची सुट्टी न देण्यात पैशाची बचत शून्य होती. म्हणून तिघींना सारखंच ठरलं: रविवार सुट्टी, वर्षाला 12 पगारी सुट्ट्या (महिन्याला एक जमा होते, तीनपर्यंत आगाऊ घेता येतात), आणि सणाचे 2 दिवस वेगळे. दादांना फेरीचे पैसे, त्यांना सुट्टीचा प्रश्न नाही, बोनस आणि भेट मात्र इतरांसारखीच. दिवसाचा दर सगळीकडे पगार भागिले 26. हे मुद्दाम लिहून ठेवलं, कारण बऱ्याच घरांत खाडा कापताना 26 ने भागतात आणि जास्तीच्या दिवसाचे पैसे देताना 30 ने, आणि हे कामाला येणाऱ्या बाईला पहिल्या महिन्यातच कळतं, बोलत नाही एवढंच.

काकू आणि मावशींच्या सणाच्या सुट्टीत एक मेख आहे जी आम्हाला मावशींनीच सांगितली. त्यांची पाच घरं. एक घर पाडव्याला सुट्टी देतं, दुसरं भाऊबीजेला, तिसरं म्हणतं आधीच्या रविवारी घ्या. प्रत्येक घराला वाटतं आपण सुट्टी दिली आणि मावशी पाचही दिवस कुठल्या ना कुठल्या घरी भांडी घासतच असतात. म्हणून घराने दिवस ठरवायचाच नाही, त्यांनी पाच घरं जुळवून सांगायचं, आपण हो म्हणायचं.

ताईंचं वेगळं. त्यांना गाव लांब, रेल्वेने जावं लागतं. ते अकरा दिवस का झाले हे तोपर्यंत कोणी शांतपणे विचारलंच नव्हतं, विचारलं तेव्हा कळलं की जायचं तिकीट होतं, परतीचं वेटिंगवर राहिलं आणि जनरल डब्यात लहान मुलाला घेऊन चढता आलं नाही. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर 2024 च्या आधी 120 दिवस होतं. सणाच्या गाड्या उघडल्या उघडल्या भरतात. म्हणजे घरात सुट्टीची चर्चा दिवाळीच्या पंधरा दिवस आधी होत असेल तर परतीचं तिकीट मिळणारच नाही, आणि मग चार दिवसांचे अकरा होणारच, त्यात ताईंच्या स्वभावाचा काही संबंध नाही. म्हणून नियम असा: गावी जायच्या तारखा 65 दिवस आधी ठरवायच्या, जायचं आणि यायचं तिकीट मैत्रीण काढून देणार, पैसे ताईंचे. ब्युरोला बदली सांगताना परतीच्या तारखेपुढे 2 दिवस जास्त सांगून ठेवायचे, नको असतील तर आदल्या दिवशी रद्द.

तरीही उशीर झाला तर? आदल्या संध्याकाळपर्यंत कळवलं तर शिल्लक सुट्टीतून जाईल, शिल्लक नसेल तर बिनपगारी. न कळवता राहिलं तर शिल्लक असली तरी बिनपगारी. दंड नाही. भावाला दंड हवा होता, दिवसाला दोन दिवसांचा पगार कापायचा, मी विरोध केला कारण बिनपगारी उशिराचा घराला खर्च दिवसाला 1 भाग, सात दिवसांचे 7, आणि दंड लावून ताई गेल्या तर नवीन बाई ब्युरोतून आणायची फी, आजींनी तिला स्वीकारायचे आठवडे, हे कुठल्या भागात मोजणार.

दुसरा वाद बोनस अर्धा आधी अर्धा परत आल्यावर, यावर झाला. बरीच घरं असं करतात कारण बोनस घेऊन गेलेली माणसं परत येत नाहीत असा अनुभव असतो. पण आपण सूत्रच असं घेतलंय की हे झालेल्या कामाचे पैसे आहेत, मग ते अडकवून ठेवायला आधार काय? शिवाय सणाची खरेदी सणाच्या आधी असते. ठरलं ते असं की पूर्ण बोनस सणाच्या दहा दिवस आधी. मध्येच काम सोडलं आणि 15 दिवस आधी सांगितलं असेल तर तोपर्यंतचा जमलेला बोनस मिळेल. उचल घेतली असेल तर तिचा हप्ता पगारातूनच कापायचा, बोनसमधून नाही, बोनस हातात पूर्ण गेला पाहिजे. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो कारण उचल कापून उरलेला बोनस दिला की समोरच्याच्या लेखी बोनस मिळालाच नाही.

न घेतलेल्या सुट्ट्यांचं पण लिहिलं. ताईंनी सुट्टी नाही घेतली तर बदलीचे 3 भाग वाचतात, त्यामुळे वर्षअखेर त्या दिवसाचे 2 भाग दिले तरी घर 1 ने फायद्यात. पण यात धोका आहे, गरजू माणूस सगळ्याच सुट्ट्या विकेल, आणि वयस्कर माणसाला उचलणारी बाई वर्षभर विश्रांतीशिवाय राहिली की पाठ धरते, मग एकदम महिनाभर घरी. म्हणून फक्त 6 विकता येतील, बाकीच्या घ्यायच्याच. सणाच्या ठरलेल्या दिवशी घराला अडचण म्हणून बोलावलं तर जादा एका दिवसाचा पगार.

बजेट काढलं ते दीड महिन्याच्या पगाराचं, म्हणजे 150 भाग. बोनस 100. ताईंच्या 12 सुट्ट्यांची बदली 36. ताईंचे सणाचे दोन दिवस मैत्रीण आणि भाऊ एकेक दिवस आजींकडे राहणार, म्हणून तिथे बदली धरली नाही, कोणाला जमलं नाही तर जादा पगाराचे 4 भाग. उरले 10, ते उशीर आणि आजारपणासाठी. भेटवस्तू दोघं आपापल्या खिशातून. 1200 मधले 150 म्हणजे बरोबर आठवा हिस्सा, त्यामुळे दर महिन्याला पगार दिला की त्याचा आठवा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकायचा एवढंच लक्षात ठेवायचं. पगार वाढला की हाही आपोआप वाढतो.

वर्षभराने हिशेब पाहिला. ताईंनी 9 सुट्ट्या घेतल्या, बदलीचे 27 गेले. तीन सुट्ट्या विकल्या, 6 भाग. भाऊ एका सणाच्या दिवशी आलाच नाही (काम निघालं म्हणे), ताईंना बोलावलं, 2 भाग. गावाहून एक दिवस उशिरा आल्या, कळवून, तोपर्यंतची शिल्लक संपलेली म्हणून बिनपगारी, घराला 1 भाग. बोनस जवळपास 100. एकूण 136, खात्यात 14 शिल्लक. काकूंच्या दांड्या तशाच आहेत, रविवार देऊनही, त्यांच्या बाबतीत काही फरक पडला नाही, फक्त आता वहीत लिहिल्या जातात आणि 12 च्या पुढच्या कापल्या जातात, त्याही वाद घालत नाहीत.

हे गणित एका ठिकाणी मोडतं ते सांगून ठेवते. बदलीचा दर ताईंच्या दीडपट आहे तोवर 36 मध्ये बसतं. तोच अडीचपट झाला तर 12 सुट्ट्यांचे 60 होतात आणि 150 पुरत नाहीत. तेव्हा सुट्ट्या कमी करण्याऐवजी ब्युरोला पर्याय बघावा, ताईंच्याच ओळखीची एखादी बाई, जिला आजी ओळखतात, थेट ठरवून. मैत्रिणीने तशी एक शोधून ठेवली आहे, दर 2.5 भाग.

या जूनमध्ये मावशींनी विचारलं की नातवाच्या शाळेची फी आहे, दिवाळीचा बोनस आत्ता मिळेल का. नियमात हे नव्हतं. गेल्या दिवाळीपासून सात महिने झाले होते, म्हणजे त्यांचे 7 भाग जमलेलेच होते, ते दिले, वहीत लिहून सही घेतली, उरलेले 5 दिवाळीला. भाऊ म्हणाला आता चौघंही मागतील. मागितले तर द्या म्हटलं, जमलेलेच आहेत.